दोन लूप, चार तुकडे: रनिंग टाइमची तुलना आणि कारणाचे गुण

अल्गोरिदम विश्लेषणाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. तीन-चार ओळींचे काही कोडचे तुकडे देतात आणि सांगतात: प्रत्येकाचा रनिंग टाइम काढा, चढत्या क्रमाने लावा, कारणे द्या. उत्तराला थोडे गुण, कारणाला जास्त. उत्तरपत्रिका तपासताना मला दरवेळी एकच चित्र दिसते. शेवटची ओळ बऱ्याचदा बरोबर असते, पण कारणाच्या जागी "दोन लूप आहेत म्हणून n²" किंवा "j दुप्पट होतो म्हणून log n" एवढेच असते. हे कारण नव्हे. कोड जसा दिसतो त्याचे वर्णन झाले. आणि कोड दिसतो तसा चालतोच असे नाही, म्हणून तर हा प्रश्न विचारतात.

खाली मी मुद्दाम असे चार तुकडे घेतले आहेत की दिसण्यावरून उत्तर दिले तर निम्म्याहून जास्त चुकावेत. चारही तुकड्यांत लूपच्या आत लूप आहे, आणि एकाचेही उत्तर n² नाही.

तुकडा क:

```c
for (i = 1; i <= n; i++)
    for (j = 1; j <= n; j = j * 2)
        count++;
```

तुकडा ख:

```c
for (i = 1; i <= n; i = i * 2)
    for (j = 1; j <= i; j++)
        count++;
```

तुकडा ग:

```c
for (i = 1; i <= n; i++)
    for (j = 1; j <= n; j = j + i)
        count++;
```

तुकडा घ (a हा n पूर्णांकांचा अ‍ॅरे आहे, कोणत्याही क्रमाने):

```c
j = 0;
for (i = 0; i < n; i++)
    while (j < n && a[j] <= a[i])
        j++;
```

पुढे वाचण्याआधी कागदावर चार उत्तरे लिहून ठेवा. घाईत बहुतेक जण क आणि ख ला n log n लिहितात, ग आणि घ ला n². यातले एकच उत्तर नेमके आहे.

## आधी ठरवा: मोजायचे काय

पहिली ओळ हीच लिहा: "मी अमुक ओळ किती वेळा चालते ते मोजतो." क, ख आणि ग मध्ये ती ओळ म्हणजे `count++`. तीच का? कारण तिन्ही तुकड्यांत बाहेरच्या प्रत्येक फेरीत ती निदान एकदा तरी चालतेच, त्यामुळे लूपच्या अटी तपासणे, i वाढवणे वगैरे बाकीची कामे तिच्या ठरावीक पटीत राहतात. हे वाक्य उत्तरात असले की परीक्षकाला कळते, तुम्ही ओळ अंदाजाने निवडलेली नाही.

घ मध्ये मात्र सावध राहायला हवे. तिथे बाहेरच्या एखाद्या फेरीत `while` चा आतला भाग एकदाही न चालता लूप संपू शकतो. अशा फेरीलाही वेळ लागतो, कारण अट तरी तपासावी लागते. म्हणून घ मध्ये अटीच्या तपासण्या मोजायच्या. आतला लूप रिकामा जाण्याची शक्यता असेल तिथे फक्त आतली ओळ मोजली तर उत्तर कमी येऊ शकते. ही चूक चांगल्या विद्यार्थ्यांकडूनही होते, कारण त्यांना "सर्वांत आतली ओळ मोजा" एवढेच पाठ असते.

## क: गुणाकार चालतो, पण का चालतो ते लिहा

आतल्या लूपमध्ये j च्या किमती 1, 2, 4, 8 अशा जातात आणि n ओलांडला की थांबतात. 2 चा जो सर्वांत मोठा घात n पेक्षा मोठा नाही तो 2^k म्हणू, म्हणजे k = ⌊log₂ n⌋. मग आतल्या फेऱ्या k + 1 होतात. पहिली फेरी j = 1 ची, म्हणून तो अधिक एक.

आता महत्त्वाचे वाक्य: या फेऱ्यांची संख्या i वर अवलंबून नाही. आतल्या लूपच्या तिन्ही भागांत i कुठेच नाही, म्हणून बाहेरच्या n फेऱ्यांपैकी प्रत्येकीत तितकेच काम होते आणि सरळ गुणाकार करता येतो: एकूण n(⌊log₂ n⌋ + 1). हे Θ(n log n). "i वर अवलंबून नाही" हे शब्द न लिहिता केलेला गुणाकार मी अर्धाच धरतो, कारण तोच विद्यार्थी ख मध्येही तसाच गुणाकार करून मोकळा होतो.

जाता जाता: हाच लूप `j = 0` पासून सुरू केलेला असेल तर शून्याची दुप्पट शून्यच, आणि लूप कधी संपणारच नाही. प्रश्नपत्रिकेत असे क्वचित मुद्दाम टाकतात, म्हणून सुरुवातीची किंमत एकदा नजरेखालून घाला.

## ख: खरे पण निरुपयोगी उत्तर

इथे नेहमीचे उत्तर असे येते: "बाहेरचा लूप log n वेळा, आतला जास्तीत जास्त n वेळा, म्हणून O(n log n)." या वाक्यात खोटे काहीही नाही. O म्हणजे वरची मर्यादा, आणि ही वरची मर्यादा बरोबर आहे. पण प्रश्न तुलनेचा आहे. दोन माणसांची उंची "सात फुटांपेक्षा कमी" एवढीच माहीत असेल तर उंच कोण ते सांगता येत नाही. तसेच दोन तुकडे O(n log n) आहेत एवढ्यावरून त्यांतला मोठा कोणता ते ठरत नाही. तुलना करायची तर मर्यादा दोन्ही बाजूंनी हवी, म्हणजे Θ हवा. O, Ω आणि Θ यांतला फरक काटेकोरपणे पाळावा असा आग्रह डोनाल्ड क्नुथ यांनी 1976 सालच्या एका छोट्या लेखात धरला होता. तरी आजही बोलताना सगळे सरसकट "बिग ओ" म्हणतात. बोलण्यात चालते, या प्रश्नात चालत नाही.

तेव्हा गुणाकार सोडा आणि बेरीज लिहा. i च्या किमती 1, 2, 4, …, 2^k, आणि i च्या प्रत्येक किमतीला आतला लूप बरोबर i वेळा चालतो. म्हणून

```
T(n) = 1 + 2 + 4 + ... + 2^k = 2^(k+1) - 1
```

ही भूमिती श्रेढी आहे. तिची गंमत अशी की शेवटचे एकटे पद आधीच्या सगळ्या पदांच्या बेरजेपेक्षा एकाने मोठे असते. म्हणजे जवळजवळ अर्धे काम बाहेरच्या शेवटच्या फेरीत होते आणि आधीच्या सगळ्या फेऱ्या मिळून उरलेले अर्धे. "जास्तीत जास्त n" हा अंदाज फक्त त्या शेवटच्या फेरीला लागू पडतो. तो log n वेळा लावला की उत्तर फुगते.

आता दोन्ही मर्यादा. k ची निवडच अशी आहे की 2^k ≤ n < 2^(k+1). डावीकडच्या असमानतेवरून T(n) ≤ 2n − 1. उजवीकडच्या असमानतेवरून 2^(k+1) हा n पेक्षा मोठा पूर्णांक, म्हणून T(n) ≥ n. म्हणजे n ≤ T(n) ≤ 2n − 1, आणि T(n) = Θ(n). n हा 2 चा घात नसला तरी हे चालते: n = 20 घेतले तर बेरीज 1 + 2 + 4 + 8 + 16 = 31, आणि 31 हा 20 आणि 39 यांच्या मध्ये आहे. "n हा 2 चा घात मानू" असे लिहून सोडून देणाऱ्यांचा मी गुण कापत नाही, पण वरची एक ओळ लिहिली तर मानण्याची गरजच उरत नाही.

## ग: इथे खरी मेहनत आहे

या तुकड्यात आतल्या लूपची उडी दर फेरीला मोठी होत जाते. i = 1 असताना j एकेक पाऊल टाकतो आणि n फेऱ्या होतात. i = 2 ला साधारण n/2, i = 3 ला साधारण n/3, आणि i = n ला फक्त एक. नेमके सांगायचे तर i साठी ⌈n/i⌉ फेऱ्या. n² लिहिणारे पहिल्या फेरीकडे बघून लिहितात.

वर-खाली गोलाई करण्याचा घोळ आधी मिटवून टाका. n/i ≤ ⌈n/i⌉ < n/i + 1. सगळ्या i साठी बेरीज केली की, H(n) = 1 + 1/2 + 1/3 + … + 1/n असे मानून,

```
n·H(n) <= T(n) < n·H(n) + n
```

म्हणजे प्रश्न H(n) किती मोठा यावर येऊन ठेपतो. ही हार्मोनिक बेरीज. पुष्कळ जण इथे "H(n) ≈ ln n" लिहून पुढे जातात. अभ्यासक्रमात हे सूत्र सिद्ध केलेले असेल तर चालेल. नसेल, किंवा पेपरात ऐनवेळी आठवले नाही, तर तीन ओळींत ते काढता येते, कसलेही इंटिग्रेशन न करता.

पदांचे गट पाडा: पहिल्या गटात 1, दुसऱ्यात 1/2 आणि 1/3, तिसऱ्यात 1/4 ते 1/7, चौथ्यात 1/8 ते 1/15. दर गटात दुप्पट पदे. तिसरा गट पाहा. चार पदे आहेत, प्रत्येक 1/4 पेक्षा मोठे नाही, म्हणून बेरीज 1 पेक्षा जास्त नाही. शिवाय प्रत्येक पद 1/8 पेक्षा मोठे आहे, म्हणून बेरीज 1/2 पेक्षा जास्त. हेच प्रत्येक पूर्ण गटाला लागू आहे. n पर्यंत k पूर्ण गट बसतातच आणि पुढचा एक गट उरतो, जो कदाचित अर्धवट असेल. म्हणून

```
k/2 <= H(n) <= k + 1,   k = floor(log2 n)
```

खालची मर्यादा काढताना उरलेला गट सोडून दिला, वरची काढताना पूर्ण धरला. दोन्ही बाजूंना log n च्या ठरावीक पटी आहेत, म्हणून H(n) = Θ(log n) आणि T(n) = Θ(n log n). गट पाडण्याची ही कल्पना निकोल ओरेम यांनी 14व्या शतकात याच बेरजेवर वापरली होती. ही बेरीज हवी तेवढी मोठी होते हे त्यांना दाखवायचे होते.

ख आणि ग शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत आतल्या फेऱ्या i प्रमाणे बदलतात, दोन्हींत गुणाकार चालत नाही, पण बेरीज वेगळ्या जातीची आहे. ख मध्ये शेवटचे एकटे पद निम्मे वजन घेऊन जाते. ग मध्ये गटामागून गट सारखेच वजन देत राहतात, आणि असे log n गट आहेत. log तिथून येतो.

## घ: मागे न फिरणारा j

घ मध्ये बेरीज लिहायला गेलात तर अडकाल, कारण i च्या एखाद्या फेरीत `while` किती वेळा चालेल हे अ‍ॅरेवर अवलंबून आहे. एखाद्या फेरीत n वेळा, पुढच्या सगळ्यांत शून्य वेळा, असेही होऊ शकते. "एका फेरीत जास्तीत जास्त n, फेऱ्या n, म्हणून O(n²)" ही ख मधलीच चूक, वेगळ्या वेषात.

इथे फेरीनिहाय हिशेब सोडून j चा संपूर्ण प्रवास मोजायचा. `j = 0` ही ओळ बाहेरच्या लूपच्या बाहेर आहे. j फक्त वाढतो, कधीच परत शून्यावर येत नाही, आणि n च्या पुढे जात नाही. म्हणून पूर्ण कार्यक्रमात `j++` जास्तीत जास्त n वेळा चालते, कोणत्या फेरीत किती हे माहीत नसले तरी.

आता अटीच्या तपासण्या. प्रत्येक यशस्वी तपासणीनंतर एक `j++` होते, म्हणजे यशस्वी तपासण्या जास्तीत जास्त n. बाहेरची प्रत्येक फेरी बरोबर एका अयशस्वी तपासणीने संपते, म्हणजे अयशस्वी तपासण्या नेमक्या n. एकूण किमान n, कमाल 2n. Θ(n), अ‍ॅरे कसाही असो.

गुणांसाठी इतके पुरे. पण थोडे खोलात गेलात तर दिसेल की उत्तर नेहमी बरोबर 2n च येते. i जेव्हा अ‍ॅरेतल्या सर्वांत मोठ्या घटकावर पोचतो तेव्हा उरलेले सगळे घटक अट पाळतात आणि j थेट n ला जाऊन टेकतो.

## क्रम लावणे

ख आणि घ Θ(n). क आणि ग Θ(n log n). पहिली जोडी दुसरीपेक्षा लहान, कारण n भागिले n log n म्हणजे 1/log n, आणि n वाढत गेला की हे शून्याकडे जाते. हा भागाकार उत्तरात लिहा. "n हा n log n पेक्षा लहान हे उघड आहे" यापेक्षा तो बरा.

बरोबरी दाखवायलाही लोक कचरतात. चार तुकडे दिले म्हणजे चार वेगळ्या जागा असणार असे वाटून क आणि ग मध्ये जबरदस्तीने कोणाला तरी पुढे काढतात. क मध्ये पाया 2 चा log आहे आणि ग मध्ये पाया e चा, म्हणून ग मध्ये फेऱ्या खरोखर कमी होतात. n मोठा झाला की ग भागिले क हे गुणोत्तर ln 2, म्हणजे सुमारे 0.69 कडे जाते. पण ते शून्याकडेही जात नाही आणि अनंताकडेही नाही, म्हणून वाढीच्या दराच्या हिशेबात दोघे एकाच जागी. प्रश्नात "वाढीचा दर" असेल तर बरोबरी लिहा; "फेऱ्यांची संख्या" असेल तर ग कमी. प्रश्नाचे शब्द नीट वाचा.

## आकडे घालून ताळा

कच्च्या कामात n = 16, 32, 64 घालून पाहायला पाच मिनिटे लागतात. क, ख आणि ग मध्ये `count`, घ मध्ये अटीच्या तपासण्या मोजल्या तर असे येते:

```
n      क     ख     ग     घ
16     80    31    61    32
32    192    63   145    64
64    448   127   337   128
```

n दुप्पट केल्यावर काय होते ते पाहा. ख आणि घ जवळपास दुप्पट होतात. क 2.4 पट आणि मग 2.33 पट, ग 2.38 आणि मग 2.32 पट. दोन्ही 2 च्या वर आहेत पण हळूहळू खाली येतात. n log n ची ओळख ही. कुणी n² असता तर 4 च्या आसपास दिसला असता. ग साठी तुम्ही n² लिहिले असेल तर 61 वरून 145 हा आकडाच तुम्हाला थांबवेल.

मात्र हा ताळा आहे, सिद्धता नाही, आणि कारण म्हणून लिहिला तर गुण मिळणार नाहीत. n दहा लाखांच्या घरात गेला की n log n चे हे गुणोत्तर 2.1 वर येते. तेव्हा फेऱ्या न मोजता घड्याळ लावून वेळ मोजलात तर मोजमापातल्या चढउतारात 2 आणि 2.1 वेगळे ओळखणे अवघड जाते.

## उत्तरपत्रिकेत किती लिहायचे

ख साठी मला पूर्ण गुणांचे उत्तर एवढेच लागते:

"`count++` मोजतो, बाहेरच्या प्रत्येक फेरीत ती निदान एकदा चालते. i = 1, 2, 4, …, 2^k, जिथे 2^k ≤ n < 2^(k+1). i साठी आतल्या फेऱ्या i. एकूण = 2^(k+1) − 1. म्हणून n ≤ T(n) ≤ 2n − 1, T(n) = Θ(n)."

काय मोजले, i साठी किती, बेरीज किती, दोन्ही मर्यादा. शेवटची बेरीज चुकली तरी आधीच्या दोन गोष्टींचे गुण हातात राहतात. उलट नुसते "Θ(n)" लिहिणाऱ्याला फक्त उत्तराचा गुण मिळतो, आणि चुकून "Θ(n log n)" लिहिले असेल तर काहीच नाही.

सरावासाठी घ मधली एकच ओळ हलवा: `j = 0` बाहेरच्या लूपच्या आत, `while` च्या अगदी वर आणा. आता j दर फेरीला शून्यावरून निघतो आणि वरचा युक्तिवाद पहिल्याच वाक्यात मोडतो. अ‍ॅरे चढत्या क्रमाने असेल आणि घटक वेगवेगळे असतील तर i साठी `j++` i + 1 वेळा चालते. n = 16 ला 136 वेळा, म्हणजे n(n+1)/2, आणि अयशस्वी तपासण्या धरून 152. तोच अ‍ॅरे उलटा केला तर पहिल्या फेरीत 16 वेळा, पुढे एकदाही नाही. एकूण तपासण्या 32. म्हणजे आता नुसते "रनिंग टाइम Θ(…)" लिहून भागणार नाही. वाईटात वाईट स्थितीत Θ(n²), चांगल्यात चांगल्या स्थितीत Θ(n), असे दोन वेगळे दावे करावे लागतील, आणि दोन्हींसोबत तो अ‍ॅरे कोणता हेही लिहावे लागेल.